फ्लॅट बर की कोनिकल बर: कपातला निवळपणा आणि दाटपणा येतो कुठून

प्रश्न: माझ्याकडे ४८ मिलिमीटर कोनिकल बरचा, हाताने फिरवायचा ग्राइंडर आहे. रोज सकाळी व्ही-६० च्या कागदी फिल्टरमध्ये चिकमगळूरची कॉफी बिनदुधाची पितो, रविवारी घरच्यांसाठी स्टीलच्या फिल्टरमधली दुधाची करतो. ६४ मिलिमीटरचा फ्लॅट बर घेतला की चव स्वच्छ होते असं सगळे सांगतात, पण बॉडी, म्हणजे दाटपणा, जाते असंही सांगतात. बरच्या आकाराने खरंच एवढा फरक पडतो का? आणि का पडतो?

उत्तर:

फरक पडतो. मात्र दाणे दळणारा दातेरी भाग, म्हणजे बर, सपाट आहे की शंकूसारखा, एवढ्यावरून तो फरक पूर्ण ठरत नाही. मी पुण्यात गेली बारा वर्षं कॉफी भाजतो. प्रत्येक भाजणीतली थोडी कॉफी ४८ मिमीच्या कोनिकलवर आणि थोडी ६४ मिमीच्या फ्लॅटवर दळून चाखायची माझी सवय आहे, त्यामुळे तुम्ही विचारताय तो फरक मी जवळजवळ रोज पितो.

आधी दाण्याचा प्रवास बघू. फ्लॅट बर म्हणजे आपलं जातं. घास मधल्या तोंडातून आत पडतो, दोन दगडांमधून फिरत फिरत कडेला सरकतो आणि पीठ होऊन कडेने बाहेर पडतं. फ्लॅट ग्राइंडरमध्ये दगडांच्या जागी पोलादाच्या दोन चकत्या असतात. त्यातली एक स्थिर असते, दुसरी बहुतेक साध्या मोटरवर मिनिटाला १४०० च्या आसपास फेरे घेते. आतल्या बाजूचे मोठे दात दाणा फोडतात, फिरण्याच्या वेगाने तुकडे बाहेर फेकले जातात आणि कडेच्या बारीक दातांमधून जाताना त्यांना शेवटचं माप मिळतं. जात्यात हे फेकणं नसतं. तिथे नवा घास जुन्याला ढकलतो, धान्य बराच वेळ दगडांत राहतं आणि म्हणून त्याचं पीठ होतं. ग्राइंडरमधला तुकडा कडेच्या फटीत मावला की लगेच सुटतो.

कोनिकलमध्ये एका कड्यात शंकू फिरतो. दाणा वरून पडतो, शंकूवरच्या जाड, तिरक्या कंगोऱ्यांत सापडून फुटतो आणि स्वतःच्या वजनाने खाली खाली, अरुंद होत जाणाऱ्या फटीत उतरतो. खेचायचं काम कंगोरे आणि गुरुत्वाकर्षण करतात, त्यामुळे वेग लागत नाही. तुमचा ग्राइंडर हाताने चालतो तो याचमुळे, आणि हाताचे फ्लॅट ग्राइंडर इतके कमी दिसतात तेही याचमुळे. पण शेवटचं माप देणारा खालचा पट्टा साधारणपणे अरुंद असतो. एखादा लांबट तुकडा उभा घसरून निसटतो, दुसरा दोनदा चेपला जातो. त्यामुळे कोनिकलच्या दळणात मधल्या मापाच्या कणांचा पसारा बहुधा जास्त रुंद असतो. बारीक कणही जास्त आणि भरडही जास्त.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. फ्लॅट बर सगळे कण एकाच मापाचे देतो आणि कोनिकल दोन मापांचे, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. पापड मोडला की दोन तुकड्यांबरोबर चुरा पडतोच. भाजलेला कॉफीचा दाणा तसाच ठिसूळ असतो, आणि कुठल्याही बरखाली तो फुटला की शंभर मायक्रॉनच्या आतबाहेरची भुकटी तयार होतेच. या भुकटीला फाइन्स म्हणतात. दोन्ही प्रकारच्या बरमध्ये दळणाचा आलेख काढला तर भुकटीचा एक उंचवटा आणि मुख्य कणांचा दुसरा, असे दोन उंचवटे दिसतात. फरक असतो तो भुकटी किती आहे आणि दुसरा उंचवटा किती रुंद आहे, यात. दाणा गडद भाजला की तो जास्त ठिसूळ होतो आणि भुकटी आणखी वाढते.

आता कपात काय होतं? कणाच्या आतला रस पाण्यात यायला लागणारा वेळ कणाच्या जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ साधारण चौपट लागतो. म्हणजे व्ही-६० मध्ये तीन मिनिटं पाणी फिरत असताना भुकटीतलं सगळं, अगदी शेवटचं कडू-तुरटही निघून गेलेलं असतं, आणि मोठ्या कणाचा गाभा अजून कोराच असतो. पसारा रुंद असेल तर एकाच कपात थोडं आंबट-कच्चं आणि थोडं कडू-तुरट एकत्र येतं. त्या गलबल्यात संत्र्याची साल, गूळ, बेदाणा अशा चवी असतात, पण एकमेकींत मिसळलेल्या. पसारा अरुंद असेल तर बहुतेक कण एकाच टप्प्यावर असतात आणि चवी सुट्या सुट्या ऐकू येतात. क्लॅरिटी म्हणतात ती हीच. मी तिला निवळपणा म्हणतो, कारण गढूळ पाणी निवळल्यावर तळ दिसावा तसं ते असतं.

मागच्या महिन्यात मी हे तुमच्यासारख्याच परिस्थितीत नीट करून पाहिलं, ते सविस्तर सांगतो. कॉफी चिकमगळूरची धुतलेली अरेबिका, हलकी-मध्यम भाजलेली, भाजून बारा दिवस झालेली. १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, ९३ अंश. आधी ४५ ग्रॅम पाणी ओतून ४० सेकंद थांबायचं, उरलेलं दोन धारांत पावणेदोन मिनिटांपर्यंत संपवायचं. दोन ग्राइंडरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून दळण चाळणीने जुळवलं. ८०० मायक्रॉनच्या चाळणीवर दोघांचंही साधारण अर्धं वजन राहील असं लावलं. मग प्रत्येकाचे २० ग्रॅम ४०० मायक्रॉनच्या चाळणीतून दोन मिनिटं हलवले. कोनिकलचे ३.४ ग्रॅम खाली पडले, फ्लॅटचे २.३. म्हणजे मधलं माप सारखं असूनही बारीक कण जवळजवळ दीडपट. खरी भुकटी याहून जास्तच असणार, कारण ती मोठ्या कणांना चिकटून बसते आणि चाळणीला ती सगळी सुटत नाही.

आता कप. कोनिकलचं पाणी ३ मिनिटं १० सेकंदांनी उतरलं. चव गोड, चॉकलेटकडे झुकणारी, जिभेवर भरीव, पण घोट गेल्यावर जिभेच्या कडा किंचित कोरड्या करणारी. कपात किती कॉफी विरघळली ते मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.३६ टक्के. फ्लॅटचं पाणी अडीच मिनिटांतच उतरलं. संत्र्याची साल अगदी स्पष्ट, तिच्यामागे गूळ, कोरडेपणा नाही, पण कप पातळ. १.२७ टक्के.

बहुतेक लोक इथेच थांबतात आणि फ्लॅटला बॉडी नाही असं ठरवून टाकतात. ही तुलना अपुरी आहे. फ्लॅटमध्ये भुकटी कमी, म्हणून पाणी लवकर निघून गेलं, म्हणून कॉफीतून कमी विरघळलं, म्हणून कप पातळ लागला. मी फ्लॅट तीन खुणा बारीक केला. वेळ २:५५ झाली, वाचन १.४५ टक्के. संत्र्याची साल होती तिथेच राहिली आणि कपाला वजन आलं. खाली उतरलेली कॉफी २२० ग्रॅम धरली तर १५ ग्रॅममधून पहिल्या फ्लॅट कपात १८.६ टक्के, कोनिकलच्या कपात १९.९ टक्के आणि या शेवटच्या कपात २१.३ टक्के विरघळून आलं. कोनिकलही तेवढाच बारीक करून पाहिला. भुकटीने कागद तुंबला, पाणी ३:५० पर्यंत रेंगाळलं आणि तुरटपणा वर आला. माझ्या मते व्ही-६० साठी फ्लॅट बरचा खरा फायदा इथे आहे. तो तुरटपणा येऊ न देता बारीक दळायला जागा देतो. निवळपणा बराचसा त्या जागेतून येतो.

हे भुकटीमुळेच होतं का, याची खात्री करायला आणखी एक गोष्ट केली. कोनिकलची चाळून काढलेली ०.७ ग्रॅम भुकटी फ्लॅटच्या १४.३ ग्रॅम दळणात मिसळली. वेळ ३:२० झाली, संत्र्याची कड बोथट झाली आणि कप गोलसर, जाडसर लागायला लागला. कोनिकलकडे बराचसा सरकला. मग उलट केलं. कोनिकलच्या दळणातली भुकटी चाळून टाकली आणि उरलेल्यातले १५ ग्रॅम वापरले. कप स्वच्छ झाला, पण मधे पोकळ आणि थोडा आंबट. कारण भुकटी गेली तरी मोठे, कच्चे राहणारे तुकडे तिथेच होते, आणि त्यांची कसर भरून काढणारं काही उरलं नव्हतं. भुकटी हा दोष नाही, हे त्या दिवशी मला पुन्हा पटलं. ती कपाचा कणा असते. प्रश्न फक्त तिच्या प्रमाणाचा असतो.

आता बॉडीबद्दल, कारण तुम्हाला भीती तिचीच आहे. जिभेवर जो भार जाणवतो तो विरघळलेल्या पदार्थांचा असतो, तेलाचा असतो आणि न विरघळता तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. कागद तेल आणि बहुतेक भुकटी अडवतो. म्हणून व्ही-६० मध्ये दोन बरांमधला बॉडीचा फरक मुळातच मर्यादित असतो, आणि तो बराचसा वर सांगितल्याप्रमाणे दळण बारीक करून भरून निघतो. फ्रेंच प्रेसमध्ये, मोका पॉटमध्ये किंवा तुमच्या स्टीलच्या फिल्टरमध्ये अडवायला फक्त धातूची जाळी असते. भुकटी कपात येते आणि कोनिकलचा दाटपणा खऱ्या अर्थाने जाणवतो. त्यात दूध घातलं की निवळपणाचा उपयोगच संपतो, संत्र्याची साल दुधात शोधावी लागते, तर दाट, चॉकलेटी बाजू दुधातून वर येते. स्टीलच्या फिल्टरमध्ये भुकटीचं आणखी एक काम असतं. ती तळाच्या भोकांशी बसून पाणी धरून ठेवते, त्यामुळे डिकॉक्शन सावकाश आणि घट्ट उतरतं. भुकटी फार कमी देणाऱ्या बरवर दळलेल्या कॉफीचं डिकॉक्शन भराभर उतरतं आणि पाणचट होतं. दळण चांगलंच बारीक केलं तरच जमतं. रविवारच्या कॉफीसाठी तुमचा सध्याचा ग्राइंडर मला जास्त योग्य वाटतो. तिच्यात चिकोरी असेल तर बरचा फरक शोधायला जाऊच नका.

एस्प्रेसोची गोष्ट वेगळी आहे आणि तुम्ही ती विचारलेली नाही, म्हणून एवढंच सांगतो की तिथेही भुकटीच प्रवाह रोखते. कोनिकलवर दाट, माफक चुका सोसणारा शॉट मिळतो, फ्लॅटवर जास्त उघडा पण हट्टी. २०१३ मध्ये मेलबर्नच्या जागतिक बरिस्ता स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या मॅट पर्गरने ईके ४३ या ग्राइंडरवर दळून एस्प्रेसो दिला, तेव्हापासून या उघड्या चवीची ओढ कॅफेंना लागली. ९८ मिमीच्या चकत्यांचं ते यंत्र तोपर्यंत मुख्यतः दुकानात कॉफी नि मसाले दळण्यासाठी ओळखलं जायचं.

आता सुरुवातीला म्हणालो त्या दातांकडे येतो. जात्याला टाकी लावायला पाथरवट यायचा तेव्हा खाचा किती खोल, किती जवळजवळ, यावर पीठ रवाळ येणार की मऊ, ते ठरायचं. इथेही तेच आहे. एकाच ६४ मिमीच्या ग्राइंडरमध्ये वेगवेगळ्या घडणीचे बर बसवता येतात, आणि त्यांच्यातला फरक कधीकधी फ्लॅट-कोनिकलच्या फरकापेक्षा मोठा असतो. एस्प्रेसोसाठी घडवलेले जुन्या पद्धतीचे फ्लॅट बर भरपूर भुकटी देतात आणि कप चांगला दाट करतात. उलट वनझेडप्रेसोचा झेडपी६ हा हाताचा ग्राइंडर ४८ मिमी कोनिकल आहे, पण त्याचे दात फिल्टर कॉफीसाठी घडवलेले आहेत आणि तो निवळ कपासाठीच ओळखला जातो. एस्प्रेसोला तो चालत नाही. म्हणून दुकानदाराला फक्त 'फ्लॅट आहे का' विचारू नका. आत कोणते बर आहेत, ते फिल्टरसाठी घडवलेत की एस्प्रेसोसाठी, हे विचारा. त्याला सांगता आलं नाही तर एस्प्रेसोचे आहेत असं धरून चाला.

दुसरी गोष्ट दोन चकत्यांच्या समांतरपणाची. जातं एका बाजूला झुकलं की एका कडेने पीठ आणि दुसऱ्या कडेने भरड पडते. फ्लॅट बर वाकडा बसला असेल तर हेच होतं, आणि मग तुम्ही ज्या अरुंद पसाऱ्यासाठी पैसे दिले तोच मिळत नाही. कोनिकलच्या दांड्याचीही डुगडुग असते, पण चांगल्या हाताच्या ग्राइंडरमध्ये दोन बेअरिंग ती धरून ठेवतात. फ्लॅटमध्ये तपासणी तुम्हालाच करावी लागते. प्लग काढा, वरची चकती उघडा, स्थिर चकतीच्या बाहेरच्या सपाट कडेवर व्हाइटबोर्ड मार्करने सगळीकडून शाई लावा आणि बंद करा. मग हाताने फिरवत फिरवत दोन चकत्या घासल्याचा अगदी हलका आवाज येईपर्यंत त्या जवळ आणा. पुन्हा उघडा. शाई सगळीकडून सारखी पुसली असेल तर ठीक. एकाच बाजूची पुसली असेल तर ती बाजू उंच आहे. तिच्या समोरच्या बाजूला चकतीखाली स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा छोटा तुकडा ठेवा आणि पुन्हा बघा. माझ्या ६४ मिमीला दोन तुकडे लागले. त्याआधी त्या नव्या यंत्राचा कप माझ्या कोनिकलपेक्षा गढूळ लागत होता, आणि दोन आठवडे मी दोष भाजणीला देत बसलो होतो.

दळताना दोन सवयी लागतील. फ्लॅटमध्ये दाणे एकदम ओतू नका, यंत्र चालू करून सावकाश सोडा. गर्दी झाली की तुकडे एकमेकांवर घासतात आणि भुकटी वाढते. दुसरं म्हणजे स्थिर वीज. मार्च-एप्रिलमध्ये पुण्याची हवा कोरडी असते तेव्हा भुकटी दळण्याच्या कप्प्यात आणि नळीत चिकटते, आणि उद्याच्या कपात आजची शिळी भुकटी पडते. दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा एक थेंब चमच्याच्या मागच्या बाजूने फिरवा. पावसाळ्यात बहुधा त्याची गरज पडत नाही.

तुमचे रोजचे कप बिनदुधाचे आणि कागदातून गाळलेले आहेत. त्यासाठी फिल्टरच्या दातांचा फ्लॅट बर घ्यायला हरकत नाही, पण कॉफी गडद भाजलेली पीत असाल तर घेऊ नका. तिथे वेगळं ऐकू येण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. पैसे देण्याआधी तुमचीच कॉफी घेऊन एखाद्या ओळखीच्या कॅफेत जा. तिथल्या फ्लॅट ग्राइंडरवर थोडी दळून घ्या, लगेच तिथेच करा, आणि शेजारी तुमच्या हाताच्या ग्राइंडरवरची ठेवा. दळून घरी आणलेल्या पुडीवरून काही ठरवू नका, तासाभरात वास उडालेला असतो. फ्लॅटचा कप पातळ लागला तर तीन खुणा बारीक करून पुन्हा करा. दोन्ही कप कोमट झाल्यावर प्या, फरक तेव्हा सर्वांत स्पष्ट असतो. त्या दुसऱ्या कपानंतरही तुम्हाला कोनिकलचाच जास्त आवडला, तर तो ठेवा आणि पाणी ओतण्याची लय बदलून बघा.

घेतलाच, तर पहिल्या आठवड्याच्या चवीवरून निर्णय करू नका. नव्या बरच्या दातांना सूक्ष्म धारा असतात, त्या जास्तीची भुकटी काढतात आणि प्रवाह रोज थोडा बदलत राहतो. दोन-चार किलो कॉफी दळल्यावर तो स्थिर होतो. कुणा भाजणाऱ्याकडून उतरलेली, विकता न येणारी कॉफी स्वस्तात मागून घ्या आणि थोडी थोडी, मोटर तापू न देता दळा. जुना कोनिकल मात्र विकू नका, रविवारी तोच लागेल.